पंढरीच्या प्रथम दर्शनाची सूचना

प्रश्न : पंढरपुरास प्रथमच येणाऱ्या मंडळींना गाडीत वाचून दाखवावयाची सूचना कशी असावी?

उत्तर : सूचनेचा आरंभ रांगेपासून करावा; कारण पदस्पर्शदर्शनाची रांग निराळी व मुखदर्शनाची निराळी, हे ठाऊक नसल्याने, विठ्ठलाच्या चरणी मस्तक ठेवण्याच्या आशेने आलेला मनुष्य चुकीच्या रांगेत तिष्ठून अखेर दुरूनच हात जोडून परततो. ज्यांना फार वेळ उभे राहवत नाही, अशा वृद्धांस मुखदर्शनच सुचवावे. मजकूर असा ठेवावा :

“खांदे व गुडघे झाकणारी, वाकताना अडचण न होणारी साधी वस्त्रे नेसा. पादत्राणे व मोबाईल आत नेऊ नका. तुळशीची माळ आणि बुक्का पुरेसा आहे. महाद्वारी नामदेव पायरीवर पाऊल न ठेवता नमस्कार करा. समोरच चोखोबांची समाधी आहे, तिचेही दर्शन घ्या. गाभाऱ्यात क्षणभरच वेळ मिळतो. म्हणून माळ आधीच हाती ठेवा, मस्तक टेकवा आणि न बोलता पुढे सरका.”

शांततेचा अर्थ मात्र नीट समजावून द्यावा. रांगेतील नामघोष आणि टाळांचा नाद हा तेथील उपासनेचाच भाग असल्याने तो थांबवावयाचा नसतो; आवरावयाच्या त्या आपल्या गप्पा व मोठ्याने मारलेल्या हाका.