कर्ज वेगळे काढून बीटाची तुलना



शेअरच्या बीटामध्ये दोन जोखमी मिसळलेल्या असतात. एक धंद्याची, म्हणजे मागणी, कच्चा माल आणि स्थिर खर्च यांतून येणारी. दुसरी कर्जाची. नफा कमी झाला तरी व्याज ठरलेलेच द्यावे लागते, त्यामुळे उरलेल्या रकमेवर हक्क असलेल्या भागधारकाच्या वाट्याला चढउतार अधिक येतो. म्हणून एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांचे बीटा थेट शेजारी ठेवून काही कळत नाही. आधी कर्जाचा परिणाम वजा करून धंद्याचा बीटा काढावा लागतो, आणि मग ज्या कंपनीचे मूल्यांकन करायचे तिच्या कर्जाप्रमाणे तो पुन्हा चढवावा लागतो. रॉबर्ट हमाडा यांच्या 1972 च्या शोधनिबंधावरून ओळखले जाणारे सूत्र असे:

```
βL = βU × [1 + (1 − T) × D/E]
```

यात βL हा बाजारात दिसणारा बीटा, βU हा कर्जाविना बीटा, T कराचा दर, D कर्ज आणि E भागभांडवलाचे बाजारमूल्य. हे बाजारमूल्य ताळेबंदातून घेता येत नाही. तेथील भांडवल जुन्या किमतीने लिहिलेले असते, आणि चांगल्या चाललेल्या कंपनीत ते बाजारमूल्याच्या कितीतरी खाली असल्याने कर्जाचे गुणोत्तर फुगलेले दिसते.

उदाहरणासाठी एक नोंदणी नसलेली सिमेंट कंपनी घ्यावी. तिचे कर्ज भांडवलाच्या 0.8 पट राहील असे धरू; कराचा दर सोयीसाठी 25 टक्के. तुलनेला तीन काल्पनिक नोंदणीकृत कंपन्या आहेत. ‘क’चा बीटा 0.95 आणि कर्ज 0.1 पट, ‘ख’चा बीटा 1.30 आणि कर्ज 0.6 पट, ‘ग’चा बीटा 1.25 आणि कर्ज भांडवलाइतकेच. सूत्र उलटे चालवले की ‘क’चा कर्जाविना बीटा 0.88 येतो आणि ‘ख’चा 0.90. वरवर इतक्या दूर दिसणाऱ्या या दोघींचा धंदा जवळजवळ सारख्याच जोखमीचा निघतो. ‘ग’चा मात्र 0.71 येतो, आणि सिमेंटच विकणाऱ्या कंपनीचा आकडा इतका खाली का, हा प्रश्न येथे पडलाच पाहिजे.

अशा वेळी सूत्राआधी कर्जाची तारीख तपासावी. बीटा मागच्या पाच वर्षांच्या परताव्यांवरून काढलेला आहे. ‘ग’ने नव्या कारखान्यासाठी मोठे कर्ज घेतले ते गेल्या वर्षी. त्या पाच वर्षांतले सरासरी गुणोत्तर 0.4 होते. जुन्या काळाच्या बीटामधून आजचे कर्ज काढणे म्हणजे जे नव्हते तेच वजा करणे. 0.4 धरल्यावर ‘ग’चा आकडा 0.96 होतो आणि तिन्ही कंपन्या एका पट्ट्यात येतात. मध्यक 0.90. (तपासूनही एखादा आकडा वेगळाच राहिला, तर त्या कंपनीचा दुसरा धंदा किंवा तिच्या शेअरची तुरळक उलाढाल हे कारण असू शकते, मग तिला यादीतून वगळणे बरे.)

आता 0.90 ला 1.6 ने गुणले की आपल्या कंपनीचा बीटा 1.44 होतो. तिघींच्या मूळ बीटांची नुसती सरासरी 1.17 आली असती. जोखीममुक्त दर 7 टक्के आणि बाजाराचा जोखीम-अधिमूल्य दर 6 टक्के धरला, तर भागभांडवलाचा खर्च पहिल्या रीतीने 15.6 टक्के आणि दुसरीने 14 टक्के. दूरच्या वर्षांच्या रोख प्रवाहावर या दीड-पावणेदोन टक्क्यांचा भार बराच पडतो.

हमाडांच्या सूत्रात कर्जाची रक्कम कायम राहते आणि कर्जाला स्वतःचा बीटा नसतो, असे गृहीत आहे. कंपनी रकमेऐवजी गुणोत्तर कायम ठेवत असेल, तर तिची करबचतही धंद्याइतकीच अनिश्चित होते आणि सूत्रातून (1 − T) गळते. त्या रीतीने तीच तीन उदाहरणे केली की मध्यक 0.86 आणि अंतिम बीटा 1.55 येतो. दोन्ही उत्तरे आपापल्या गृहीतकावर टिकतात. एका सूत्राने उतरवून दुसऱ्याने चढवले तर मात्र 1.62 मिळतो, ज्याला कुठलेच गृहीतक आधार देत नाही. कार्यालयातल्या तयार तक्त्यांमध्ये ही सरमिसळ सहज शिरते, म्हणून दोन्ही पायऱ्यांची सूत्रे उघडून पाहावीत.

कर्जाचा बीटा शून्य धरणे माफक कर्जापुरते चालते. कर्ज भांडवलाच्या दुप्पट झाले तर हमाडांचे सूत्र 2.25 देते, पण अशा कंपनीत काही जोखीम सावकारानेही उचललेली असते. कर्जाचा बीटा 0.3 धरला की भागधारकाचा बीटा 1.80 वर येतो. बँका आणि वित्तसंस्थांना ही सारी रीत लावू नये: ठेवी आणि कर्जे हा त्यांच्या धंद्याचा कच्चा मालच असल्याने तेथे कर्ज वेगळे काढताच येत नाही, आणि सारख्या भांडवल-पर्याप्ततेच्या बँकांचे मूळ बीटा जसेच्या तसे ताडून पाहावेत.

— मामा