गॅसचा कोड आपल्याच मोबाइलवर यावा म्हणून

सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींचे अर्ज बहुतेक वेळा मीच लिहून देतो. अलीकडे त्यांत एक तक्रार नेहमीची झाली आहे: सिलिंडर दारात येतो, पण डिलिव्हरीवाल्याला सांगायचा कोड भलत्याच मोबाइलवर जातो. अशा अर्जांतून उमगलेल्या या चार गोष्टी.

१. नंबर कोणाचा द्यायचा, ते आधी ठरवा. शेजारच्या काकूंचं कनेक्शन त्यांच्याच नावावर, पण नंबर बंगळुरूच्या मुलाचा. सिलिंडर आला की काकू फोन लावणार, मुलगा मीटिंगमध्ये, आणि दारातला माणूस म्हणणार, "काकू, कोड नसेल तर परत न्यावा लागेल." दुपारी घरात जो असतो, त्याचाच नंबर द्यावा.

२. बँकेत किंवा आधारमध्ये नंबर बदलला, तरी गॅस एजन्सीकडे जुनाच राहतो. तिथे वेगळी नोंद करावी लागते. बंद पडलेला नंबर मोबाइल कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊ शकते, म्हणजे आपला कोड अनोळखी माणसाकडे जायचा. म्हणून हे काम लांबवू नये.

३. अर्जावर सही कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचीच हवी. ती व्यक्ती हयात नसेल, तर आधी कनेक्शन वारसाच्या नावावर करून घ्यावं. मजकूर थोडक्यात असावा. काकूंसाठी लिहिला तो असा:

"विषय: नोंदणीकृत मोबाइल नंबर बदलणेबाबत. महोदय, माझा ग्राहक क्रमांक … व १७ अंकी एलपीजी आयडी … असा आहे. आपल्याकडे नोंदलेला … हा नंबर मी वापरत नाही. त्याऐवजी … या नंबरची नोंद करावी, म्हणजे डिलिव्हरीचा कोड मला मिळेल. सोबत गॅसचं पुस्तक व ओळखपत्राची प्रत जोडली आहे. कृपया पोच द्यावी."

ग्राहक क्रमांक पुस्तकावरून उतरवावा आणि नवा नंबर अंकांत व अक्षरांत लिहावा. घाईत लिहिलेले १ आणि ९ सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी.

४. कोड बिल निघताना जातो. अर्जाआधीच बिल निघालं असेल, तर त्या सिलिंडरचा कोड जुन्या नंबरवर गेलेला असतो. तो नव्या नंबरवर पुन्हा पाठवता येईल का, हे काउंटरवरच विचारावं. पुढच्या बुकिंगचा मेसेज नव्या मोबाइलवर आला, की नोंद झाली असं समजावं. नाही आला, तर पोच घेऊन पुन्हा काउंटर गाठावा.

आणि कोड आला म्हणून फोनवर कोणालाही सांगू नका. सिलिंडर दारात आल्यावर सील बघा, वजन करायला सांगा. सिलिंडरवर छापलेल्या रिकाम्या वजनापेक्षा १४.२ किलो जास्त भरलं, की मगच कोड द्या.