7.9 ने फिरतो, मग 8 ने सुटत का नाही?



मी चौथीचा वर्ग घेतो, पण संध्याकाळी भाचीच्या दहावीच्या विज्ञानालाही बसावं लागतं. परवा तिने विचारलं, "मामा, सेकंदाला 7.9 किमी वेगाने उपग्रह फिरत राहतो. मग 8 ने सोडला तर निघून का जात नाही? 11.2 कशाला लागतात?" मी सांगून टाकलं, "गुरुत्वाकर्षण तोडायला जास्त जोर लागतो ना." हे उत्तर चुकलं होतं. गुरुत्वाकर्षण कुठेच तुटत नाही, लांब जाऊ तसं कमी कमी होत जातं. रात्री वही घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आलं की ही दोन सूत्रं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

पहिला प्रश्न फक्त वळण्याचा आहे. हवा नाही असं समजा आणि जमिनीलगत आडवा उपग्रह सोडा. वर्तुळात वळायला जे अभिकेंद्री बल लागतं, तेवढंच गुरुत्वाकर्षण मिळालं की काम झालं:

mv²/R = GMm/R²
v² = GM/R = gR

g = 9.8 आणि R = 6371 किमी (म्हणजे 6371000 मी) घातलं की v सुमारे 7.9 किमी/से येतो. इथे उपग्रह पृथ्वीपासून लांब जातच नाही, त्यामुळे चढण्याचा खर्च शून्य.

दुसरा प्रश्न चढण्याचा आहे. कायमचं लांब जायला एकूण किती ऊर्जा लागेल? इथे मुलं (आणि मीसुद्धा) mgh लिहून मोकळी होतात. पण वर जाऊ तसा g घटतो, म्हणून ते चालत नाही. मग वाटेचे अगदी छोटे तुकडे करू. r₁ पासून r₂ पर्यंतच्या एका तुकड्यात बल जवळजवळ GMm/(r₁r₂) इतकं धरता येतं. त्याला अंतराने, म्हणजे (r₂ − r₁) ने गुणा:

कार्य = GMm(1/r₁ − 1/r₂)

पुढचा तुकडा GMm(1/r₂ − 1/r₃). बेरीज करताना मधली सगळी पदं एकमेकांना खातात. उरतं सुरुवातीचं GMm/R आणि शेवटचं, जे अनंत अंतरावर शून्य होतं. म्हणजे एकूण खर्च GMm/R, किंवा दुसऱ्या शब्दांत mgR. मला हे रूप जास्त आवडतं: वजन जमिनीवर आहे तेवढंच ठेवून वस्तू एक पृथ्वी-त्रिज्या उचलायला जेवढे कष्ट, तेवढ्यात कायमची सुटका. हा खर्च सुरुवातीच्या गतिज ऊर्जेतून भागवायचा:

½mv² = GMm/R
v² = 2GM/R = 2gR

उत्तर सुमारे 11.2 किमी/से. दोन्हीकडे m उडून जातो, म्हणून खडा असो की यान, वेग तोच.

आता दोन्ही शेजारी ठेवा. वर्तुळात फिरणाऱ्याची गतिज ऊर्जा ½mgR, सुटण्याची किंमत mgR. फिरणाऱ्याच्या खिशात बरोबर निम्मे पैसे आहेत! ऊर्जा दुप्पट हवी, आणि ती वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून वेग दुप्पट नाही तर √2 पट: 7.9 × 1.414 = 11.2. आणि हिशोब ऊर्जेचा असल्याने सुटताना दिशेला महत्त्व नाही, वाटेत जमीन आडवी आली नाही म्हणजे झालं. वर्तुळासाठी मात्र दिशा आडवीच हवी.

मग 8 ने सोडलेल्याचं काय होतं? तो थोडा वर चढतो, मंदावतो आणि लंबवर्तुळात परत येतो. हे भाचीला पटेना, म्हणून आडव्या वेगासाठी आकडे काढून दाखवले. 10 किमी/से ने सोडला तर तो जास्तीत जास्त सुमारे 19 हजार किमी उंची गाठतो. 11 ने सोडला तर सुमारे 1 लाख 80 हजार किमी, म्हणजे चंद्राच्या जवळपास अर्ध्या वाटेवर. तरीही परत येतोच! शेवटच्या थोड्याशा वेगाने एवढा फरक पडतो, हे वर्गात जरूर दाखवा.

एक सावधगिरी. 11.2 हा आकडा जमिनीवरून एकदाच फेकलेल्या, पुढे इंजिन नसलेल्या वस्तूचा आहे. रॉकेट वाटेतही इंधन जाळतं, शिवाय उंचीवर मुक्तिवेग कमी होतो. 2023 मध्ये चांद्रयान-3 आधी पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं होतं. जवळचं टोक सुमारे 170 किमी, दूरचं सुमारे 36,500 किमी उंच. सूत्राने जवळच्या टोकाला वेग 10.3 येतो, आणि तिथला मुक्तिवेग 11.0. मग त्या टोकाजवळ पुन्हा पुन्हा इंजिन चालवून कक्षा लांबवत नेली. चंद्रापर्यंत जायला पूर्ण मुक्तिवेगही लागत नाही, किंचित कमी पुरतो. हे ऐकल्यावर भाची म्हणाली, "म्हणजे चंद्र स्वतः सुटलेला नाहीच की!"