चाळिशीनंतरचा फुटबॉल: पोटरी, खेळायची जागा आणि ऑक्टोबरचे मैदान

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत चाळिशी ओलांडल्यावरही हौसेने फुटबॉल खेळणाऱ्यांच्या दुखापती वर्षभर सारख्या विखुरलेल्या नसतात. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात त्या दसरा-दिवाळीच्या आसपास, म्हणजे पाऊस थांबून मैदाने वाळल्यानंतरच्या काही आठवड्यांत, सर्वाधिक होतात. जून ते सप्टेंबर या काळात घाटपायथ्याच्या या पट्ट्यात पाऊस इतका कोसळतो की शाळांची मैदाने आणि गावाबाहेरची माळराने खेळण्याजोगी राहत नाहीत. काही जण चिखलातच खेळतात, परंतु नोकरी-संसारातली बहुतेक माणसे तीन-चार महिने पूर्णपणे थांबतात, आणि ऑक्टोबरात जमीन उन्हाने टणक होताच मागच्या मे महिन्यात सोडलेल्या वेगाने पुन्हा धावू लागतात. या दुखापतींचे कारण वयापेक्षा या खंडात आणि खंडानंतरच्या घाईत अधिक शोधावे लागते. वयामुळे फक्त एवढेच होते की पंचविशीत सहज पचणारी घाई पंचेचाळिशीत पचत नाही.

असे का होते, हे शरीराच्या तीन घटकांचा पूर्ववत होण्याचा वेग वेगवेगळा असतो हे पाहिल्यावर समजते. दम टिकवण्याची क्षमता दोन-तीन आठवड्यांच्या धावण्याने बऱ्यापैकी परत येते आणि स्नायूंना त्याहून थोडा अधिक काळ लागतो, पण स्नायूला हाडाशी जोडणारी जी चिवट दोरी असते, जिला कंडरा म्हणतात, तिला वाढत्या भाराशी जुळवून घेण्यासाठी कित्येक महिने लागतात. म्हणून दम परत आलेला खेळाडू स्वतःला तयार समजतो, तेव्हा त्याची पोटरी आणि टाचेमागची जाड कंडरा, म्हणजे अकिलिस कंडरा, अजून तयार झालेली नसते. ही कंडरा पूर्ण तुटण्याचे प्रमाण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या, आठवड्यातून एखाद्या दिवशी खेळणाऱ्या पुरुषांत विशेष आढळते. कर्जतहून मुंबईला जाणाऱ्याचे जाता-येता मिळून सुमारे चार तास लोकलमध्ये आणि उरलेला दिवस खुर्चीत जातो. खोपोली-रसायनी पट्ट्यातील कारखान्यांत पाळ्यांवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला तासन्‌तास उभे राहणे आणि अपुरी झोप येते. दोघांच्याही आठवड्यात पोटरीला पूर्ण जोराने ताणणारी एकही हालचाल नसते, आणि रविवारी मात्र तिच्याकडून एकदम पन्नास-साठ झेपांची अपेक्षा केली जाते.

प्रस्तुत लेखक त्रेचाळिसाव्या वर्षीही उजव्या बाजूचा विंगर म्हणून, म्हणजे कडेने चेंडू घेऊन पळणारा आक्रमक म्हणून, खेळत असे. पावसाळ्यानंतरच्या एका सामन्यात बचावपटूच्या मागे पडलेल्या चेंडूसाठी थांबलेल्या स्थितीतून झेप घेताना त्याला डाव्या पोटरीवर मागून कोणी तरी लाथ मारल्याचा भास झाला, परंतु मागे कोणीही नव्हते. मागून मार बसल्याची ही जाणीव पोटरी फाटण्याचे आणि कंडरा तुटण्याचे, अशा दोन्ही दुखापतींचे ठळक लक्षण आहे, आणि त्या दोहोंत फरक करणे पहिल्याच दिवशी महत्त्वाचे ठरते. दुखणारी जागा पोटरीच्या वरच्या, आतल्या भागात असेल आणि दोन्ही पायांवर मिळून टाचा उचलता येत असतील, तर स्नायू अंशतः फाटल्याची शक्यता अधिक असते. वेदना टाचेच्या थोडी वर असेल, तिथे बोटाला खळगा लागत असेल आणि पाऊल खाली दाबण्याची ताकदच गेली असेल, तर कंडरा तुटल्याचा संशय घ्यावा. डॉक्टर रुग्णाला पालथे झोपवून, पावले पलंगाबाहेर ठेवून पोटरी हाताने दाबतात, तेव्हा पाऊल खाली हलले तर कंडरा शाबूत असते आणि हलले नाही तर बहुधा ती तुटलेली असते. ही तपासणी दुखापतीच्या दिवशी झाली नाही आणि मुरगळले असेल असे समजून आठवडे गेले, तर पुढचे उपचार बरेच अवघड होतात.

प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत स्नायू अंशतः फाटला होता. अशा वेळी आपल्याकडे सर्वप्रथम तेल लावून जोरात मालीश केले जाते, आणि तीच गोष्ट पहिले काही दिवस कटाक्षाने टाळली पाहिजे, कारण फाटलेल्या स्नायूत आधीच रक्त साकळत असते आणि चोळल्याने ते वाढते. त्याऐवजी लवचीक पट्टी बांधून पाय उंचावर ठेवावा आणि वेदना वाढणार नाही इतके चालत राहावे. पोटरीची सूज नुसती टिकून न राहता वाढत गेली, ती गरम आणि लालसर झाली, तर शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शंका घेऊन विनाविलंब डॉक्टर गाठावा. पुढचा टप्पा कॅलेंडरवर न बेतता पायाच्या ताकदीवर बेतावा लागतो. आधी दोन्ही पायांवर टाचा उचलणे, मग एकाच पायावर, मग वेदनेशिवाय जागच्या जागी लंगडी, मग सरळ धावणे, आणि सर्वांत शेवटी वळणे व अचानक थांबणे. दुखापतीच्या पायावर बऱ्या पायाइतक्याच वेळा सलग टाच उचलता येत नाही, तोवर सामना खेळू नये, हा निकष प्रस्तुत लेखकाला सर्वाधिक उपयोगी वाटतो. पोटरीच्या दुखापती उलटतात त्या बहुधा वेदना थांबली म्हणजे स्नायू बरा झाला असे मानल्यामुळे.

मैदानावर परतल्यावर प्रस्तुत लेखकाच्या खेळात पहिला बदल जागेचा झाला, आणि तो करण्यास संघातील तरुणांपेक्षा वयस्कांचाच विरोध अधिक असतो, कारण मागे येणे म्हणजे उतरणे असे मानले जाते. विंगरच्या खेळात सर्वांत घातक गोष्ट म्हणजे थांबलेल्या स्थितीतून पूर्ण वेगाने घेतलेली झेप, आणि ती सामन्यात पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. बचावाच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या स्टॉपरला अशा झेपा पुष्कळ कमी लागतात, पण ज्या लागतात त्या वळून, मागे धावत घ्याव्या लागत असल्याने नुसती जागा बदलून भागत नाही. स्टॉपरने आपल्या समोरच्या वेगवान फॉरवर्डपासून दोन-तीन पावले मागे उभे राहावे, शरीर सरळ समोर न ठेवता किंचित कडेला वळवून ठेवावे, म्हणजे मागे धावण्यासाठी पूर्ण गिरकी घ्यावी लागत नाही, आणि शेजारी एक तरुण बचावपटू असावा जो मागच्या मोकळ्या जागेतील चेंडूंची जबाबदारी घेईल. बचावापुढे उभा राहणारा हाफ हीही चांगली जागा आहे, परंतु त्यात झेपा कमी असल्या तरी एकूण धावणे अधिक असते, म्हणून त्याने मधल्या पट्ट्यापुरतीच हद्द आखून घ्यावी. गोलकीपरची जागा मात्र वाटते तितकी सुरक्षित नाही, कारण वाळलेल्या टणक जमिनीवर आडवे पडणे चाळिशीनंतरच्या खांद्याला आणि मनगटाला महाग पडते.

येथे टर्फविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावर पाच-पाच जणांचा सामना मोठ्या मैदानापेक्षा हलका असतो असे समजले जाते. वस्तुतः त्यात लांब धाव कमी असली तरी सुटणे, थांबणे आणि वळणे यांची संख्या वाढते, आणि विसावा घेण्याजोगी जागाच उरत नाही. त्यातून लांब स्टडचे बूट असतील तर ते गवतात रुततात, पाऊल अडकते आणि वळणारा गुडघा पिळवटतो. टर्फवर आणि ऑक्टोबरनंतरच्या मुरमाड मैदानावरही पुष्कळ बारीक रबरी उंचवटे असलेलेच बूट वापरावेत, आणि दर पाच-सात मिनिटांनी खेळाडू बदलण्याचे सामन्याआधीच ठरवून घ्यावे, कारण खेळ रंगल्यावर स्वतःहून कोणी बाहेर येत नाही.

भार मोजण्याची एक सोपी पद्धत अशी की खेळलेल्या मिनिटांना त्या दिवशीच्या श्रमाने गुणावे. श्रम शून्य ते दहा या मापावर स्वतःच ठरवायचे असतात. साठ मिनिटांचा जोरकस सामना, श्रम सात, म्हणजे 420. तीन महिने काहीच न केलेल्या माणसाने पहिल्याच रविवारी 420 गाठणे हीच भारातली घातक उडी होय. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात वीस-वीस मिनिटे दोनदा हलके धावणे, श्रम चार, म्हणजे 160, आणि रविवारी वीस मिनिटांचा खेळ, श्रम सहा, म्हणजे 120, असे एकूण 280 करावे. दुसऱ्या आठवड्यात रविवारचा खेळ तीस मिनिटांवर नेला की 340 होतात आणि तिसऱ्या आठवड्यात चाळीस मिनिटांनी 400. रात्रपाळीच्या आठवड्यात आकडा वाढवू नये, आणि रात्रपाळीहून थेट मैदानावर तर जाऊच नये. दोन सामन्यांत निदान दोन पूर्ण दिवसांचे अंतर असावे.

सामन्यापूर्वी उभ्या-उभ्या ताण देण्यापुरती तयारी अपुरी पडते. फिफाने विकसित केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा क्रम, ज्यात सावकाश धावणे, मग ताकद आणि तोल यांचे व्यायाम, मग वेगाने धावणे व वळणे येते, हौशी खेळाडूंच्या दुखापती लक्षणीयरीत्या कमी करतो असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, मात्र तो आठवड्यातून निदान दोनदा करावा लागतो. पोटरीसाठी घराच्या पायरीवर चवड्यांनी उभे राहून टाचा वर उचलाव्यात आणि सावकाश पायरीच्या खाली उतरू द्याव्यात, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, कारण वाकवल्यावर पोटरीचा खोलवरचा स्नायू काम करतो. एका पायावर सलग वीसेक वेळा हे जमेनासे झाले असेल, तर तो वेळेवर मिळालेला इशारा समजावा.

अपेक्षांच्या बाबतीत सुनील छेत्रीचे उदाहरण वारंवार दिले जाते, आणि मार्च 2025 मध्ये चाळिसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात परतून त्याने मालदीवविरुद्ध गोल केला हे खरेच आहे. परंतु त्याचा सराव, आहार, झोप आणि उपचार हेच त्याचे काम आहे, आणि सहा दिवस लोकलमध्ये किंवा यंत्रापुढे घालवणाऱ्याने त्याच्याशी वेगाची तुलना करू नये. हौशी खेळाडूने स्वतःपुरता निकष बदलावा: किती वेळा मागे टाकले गेलो, याऐवजी किती चेंडू वाचून अडवले आणि पुढच्या रविवारी खेळण्याजोगे पाय उरले का, हे पाहावे. यासोबत रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासावी, आणि खेळताना छातीत दाटणे, हात किंवा जबड्यात कळ येणे किंवा नेहमीपेक्षा अकारण दम लागणे यांपैकी काहीही झाल्यास खेळ तेथेच थांबवून रुग्णालयात जावे.

पावसाळ्याचा खंड पूर्णतः टाळता येत नसला तरी पायरीवरचा व्यायाम आणि आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे धावणे या काळात चालू ठेवले, तर ऑक्टोबरची सुरुवात शून्यातून करावी लागत नाही. चिखलात खेळणाऱ्यांनी पायावर जखम असताना उतरू नये, कारण उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि खेळल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तीव्र ताप व पोटऱ्या दुखणे सुरू झाले, तर चिखलात खेळल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पावसाळ्यातील जुलाबांसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा त्याच्या जातीचे प्रतिजैविक दिले गेले असेल, तर ते कंडरेला दुर्बल करू शकते आणि हा परिणाम औषध थांबल्यानंतर काही महिन्यांनीही दिसू शकतो. असे औषध सुरू असताना टाचेमागे दुखू लागले, तर खेळ त्याच दिवशी थांबवून औषध बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे, आणि ते संपल्यानंतरही पुढचे काही आठवडे झेपा न घेता केवळ सरळ, सावकाश धावावे.