पाच रेषांतून सरगमकडे



पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या पानाचे छायाचित्र मोबाईलवर येते, आणि पेटी शिकू लागलेला कोपरमधील विद्यार्थी त्यातील पाच रेषांपुढे थबकतो. ती चाल सरगममध्ये उतरविताना प्रथम स्वरांकडे न पाहता छायाचित्राची डावी कड पाहावी. तेथे ट्रेबल क्लेफचे वळणदार चिन्ह असते आणि त्याला लागून बहुधा शार्पची चिन्हे असतात. ही कड छाटली गेली, तर पुढील वाचनाचा पायाच नाहीसा होतो.

सरावासाठी रचलेली एक ओळ घेऊ. आरंभी दोन शार्प आहेत, एक एफवर आणि दुसरा सीवर. पुढे चार-चार मात्रांचे तीन खंड आहेत: डी, ई, एफ, ए, मग जी, एफ, ई, शेवटी डी, खालचा सी, डी. जी आणि अखेरचा डी यांची अंडाकृती पोकळ आहे, म्हणून ते दोन-दोन मात्रांचे. बाकीचे भरीव स्वर एकेका मात्रेचे.

आता षड्ज ठरवू. मेजर चालीत शेवटचा शार्प निषादावर असतो. त्याच्या अर्ध्या स्वराने वर षड्ज. येथे शेवटचा शार्प सीवर आहे, म्हणून डी हा सा. चालही डीवरच विसावते, त्यामुळे निर्णय पक्का होतो. ती बीवर विसावली असती, तर चाल मायनर समजून षड्ज बीवर धरावा लागला असता. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीने आपली ओळ अशी होते:

सा रे ग प | म – ग रे | सा नि़ सा –

आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर आणखी एक मात्रा लांबविणे. ‘नि’खालील बिंदू म्हणजे मंद्र सप्तक.

दोन्ही शार्प नजरेतून सुटले, तर ग आणि नि कोमल होतात. बिलावल थाटाची चाल काफी थाटात जाते. ओळखीची चाल अकारण उदास वाटू लागली, तर डावी कड पुन्हा पाहावी. खालच्या सीला छेदणारी छोटी रेघ अस्पष्ट छायाचित्रात पुसट होते आणि तो डी वाटतो. शेजारच्या डीशी उंची ताडून पाहावी. डी सर्वांत खालच्या रेषेला खालून चिकटलेला असतो, सी त्याहून खाली सुटा दिसतो.

सरगममधील सा कोणत्याही पट्टीवर धरता येतो. नवशिक्याने तो पांढरी एकवर धरावा. ही सारी ओळ पांढऱ्या पट्ट्यांवरच वाजेल. मूळ उंचीवर वाजवायचे असल्यास सा पांढरी दोनवर घ्यावा. तेव्हा ग काळी तीनवर येईल आणि मंद्र नि काळी एकवर. छायाचित्रातील ते दोन शार्प म्हणजे याच दोन काळ्या पट्ट्या होत.