छायाचित्रातील सदनिका आणि प्रत्यक्षातील सदनिका : बयाणा देण्यापूर्वी दलालास काय विचारावे?

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीस पूर आला आणि वडोदरा शहराच्या अनेक वस्त्यांत तळमजल्यावरील घरांत पाणी शिरले. त्यापूर्वी जुलै २०१९ च्या अखेरीसही अतिवृष्टीने शहराची अशीच स्थिती झाली होती. पाणी ओसरल्यावर घरे धुतली गेली, रंग दिला गेला आणि ती पुन्हा भाड्याने निघाली. परंतु दलालाकडील छायाचित्र पुरापूर्वीचे की नंतरचे, हे छायाचित्र पाहून कळत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून नोकरी वा शिक्षणासाठी वडोदऱ्यास जाणारी कुटुंबे पुष्कळदा अशा छायाचित्रांवरूनच घर पसंत करतात. घर पाहण्यास गेल्यावर फरक दिसतो. त्याच वेळी दलाल सांगतो की, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, आजच बयाणा द्यावा. अशा प्रसंगी नेमके काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम कायद्याची बाजू. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ अन्वये दिशाभूल करून मिळविलेल्या संमतीचा करार रद्द करता येतो. मात्र त्याच कलमात एक अपवाद आहे. चुकीच्या माहितीमुळे संमती दिली, परंतु साधारण दक्षता घेतली असती तर सत्य कळू शकले असते, अशा वेळी करार रद्द करण्याचा हक्क राहत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ चाही रोख असाच आहे. भाडेकरूस ठाऊक नसलेला आणि साधारण काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे मालकास बंधनकारक आहे. डोळ्यांना दिसणारा दोष सांगणे बंधनकारक नाही. याचा अर्थ असा की, घर पाहिल्यावर काही न बोलता पैसे दिले, तर पुढे ‘छायाचित्रात निराळे होते’ ही तक्रार फार दुबळी ठरते. म्हणून आक्षेप पैसे देण्यापूर्वी आणि लेखी नोंदविला पाहिजे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शिक्षकाने दलालाकडून ३ जून रोजी तळमजल्यावरील सदनिकेची सहा छायाचित्रे मिळविली. भाडे दरमहा १५,००० रुपये, अनामत ३०,००० रुपये आणि बयाणा ५,००० रुपये ठरला. ८ जून रोजी घर पाहिले असता छायाचित्रात दिसणारी स्वयंपाकघरातील लाकडी कपाटे तेथे नव्हती, बैठकीच्या खोलीत जमिनीपासून कमरेपर्यंतचा रंग वेगळा व ताजा होता आणि शयनगृहाच्या दाराचा खालचा भाग फुगलेला होता.

येथे ओल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे महत्त्वाचे ठरते, कारण दुरुस्ती त्यावर अवलंबून असते. नळ गळत असल्यास ओलीचा डाग एकाच जागी, बहुधा न्हाणीघराच्या भिंतीलगत असतो. जमिनीतून चढणारी ओल सामान्यतः मीटरभर उंचीच्या आत थांबते व तेथे पांढरा लोणा फुटतो. पुराच्या पाण्याची खूण मात्र घरातील सर्व भिंतींवर एकाच पातळीत असते. नव्या रंगाखाली ती झाकली जाते; तथापि भिंतीतील कपाटाच्या आतील बाजूस, दारांच्या गंजलेल्या बिजागऱ्यांवर किंवा वाहनतळाच्या भिंतीवर ती बहुधा सापडते. गिलाव्यावर बोटांनी ठोकल्यास पोकळ आवाज येतो, तेथे गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो. शेजाऱ्यांस पाणी कोठवर आले होते असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर तत्काळ मिळते.

सदर शिक्षकाने त्याच जागी, त्याच कोनातून नवी छायाचित्रे घेतली आणि सायंकाळी दलालास व्हॉट्सअ‍ॅपवर पुढील आशयाचा मजकूर पाठविला. प्रत्यक्षात असा मजकूर दलालास समजेल अशा गुजराती वा हिंदी भाषेत लिहावा.

“श्री. ………भाई यांस, सप्रेम नमस्कार. आपण ३ जून रोजी पाठविलेली सहा छायाचित्रे आणि आज, ८ जून रोजी, पाहिलेली सदनिका यांत तीन ठिकाणी फरक आढळला. स्वयंपाकघरात कपाटे नाहीत. बैठकीच्या भिंती कमरेपर्यंत नव्याने रंगविलेल्या आहेत. शयनगृहाचे दार फुगलेले आहे. आजची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. कृपया कळवावे की : (१) आपली छायाचित्रे केव्हा काढलेली आहेत? (२) घरात पुराचे पाणी आले होते काय, आणि किती उंचीपर्यंत? (३) त्यानंतर विजेच्या तारांची तपासणी झाली आहे काय? (४) कपाटे व दार कोण, कोणत्या तारखेपर्यंत बसवून देणार? (५) व्यवहार न झाल्यास बयाणा परत मिळेल काय? मालकांच्या संमतीने लेखी उत्तर मिळाल्यावरच रक्कम देता येईल. घर आम्हांस सोयीचे आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.”

या मजकुरात कोणावरही लबाडीचा आरोप नाही. दलालाने मालकाकडून आलेली जुनी छायाचित्रे भाबडेपणाने पुढे पाठविलेली असू शकतात. केवळ काय दाखविले, काय आढळले आणि काय हवे, एवढेच त्यात आहे. मालकाच्या संमतीचा उल्लेख मात्र हेतुपुरस्सर आहे. करार अधिनियमाच्या कलम २३८ नुसार मालकाचे काम करताना मुखत्याराने केलेली दिशाभूल ही मालकाने केल्यासारखीच धरली जाते. पण दलाल मालकाच्या वतीने बोलत होता की नाही, याविषयी पुढे वाद होऊ नये म्हणून उत्तरास मालकाची संमती आरंभीच घेणे बरे.

उत्तर कसे येते यावरून पुढील पाऊल ठरवावे. ‘सर्व होऊन जाईल’ हे उत्तर नव्हे. त्यात काम, व्यक्ती आणि तारीख यांपैकी काहीच नाही. ‘कपाटे २० जूनपर्यंत मालक बसवतील, पाणी दोन फूट आले होते, वीजतंत्रीकडून तपासणी करून घेऊ’ हे उत्तर होय. असे उत्तर आल्यास बयाणा द्यावा, परंतु पावतीवर ‘कामे ठरल्या तारखेस न झाल्यास रक्कम परत’ असे लिहून घ्यावे आणि तीच कामे भाडेकरारातही नमूद करावीत. रोख रकमेऐवजी बँकेमार्फत मालकाच्या नावे पैसे दिल्यास पुरावा राहतो. फुगलेले दार हे किरकोळ काम आहे. परंतु पाण्यात बुडालेल्या विजेच्या जोडण्या तपासल्याशिवाय राहावयास जाऊ नये.

एक मर्यादा ध्यानी ठेवावी. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधील दलालांविषयीच्या तरतुदी नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी आहेत; भाड्याच्या घरास त्यांचा आधार मिळत नाही. दलालाने मोबदला घेऊन सेवेत कसूर केल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दाद मागता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. परंतु पाच हजार रुपयांसाठी तक्रार, सुनावणी आणि खेटे यांत जाणारा काळ पाहता, पैसे हातात असतानाच पाठविलेला लेखी मजकूर अधिक उपयोगी पडतो. उत्तर देण्यास दलालाने नकार दिला, तर भाडेकरूचा एक दिवस जातो, बयाणा जात नाही.