‘सेंट’मध्ये दिसणारा मेल कुठे थांबतो

आमच्या छापखान्याचा मेल-सर्व्हर मी सांभाळतो. एका संस्थेला दुपारी ३ पर्यंत दरपत्रक मेलने द्यायचं होतं. आम्ही ते ११:४० ला पाठवलं, ‘सेंट’मध्ये दिसलं, परत काही आलं नाही. तिकडे ते ३:१३ ला पोचलं आणि मुदतीनंतर आलं म्हणून बाद झालं.

‘सेंट’चा अर्थ एवढाच, की मेल आपल्या सर्व्हरने ताब्यात घेतला. पुढे काय झालं ते सर्व्हरच्या लॉगमध्ये होतं:

```
status=deferred (... 452 4.3.1 Insufficient system storage ...)
```

समोरच्या सर्व्हरची डिस्क भरली होती. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. नकार आला असता तर मेल लगेच परत येऊन आम्हाला कळलं असतं. ‘नंतर या’ म्हटल्यावर मात्र सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पाठवणाऱ्याला काहीच सांगत नाही.

संस्थेची डिस्क सव्वादोनलाच मोकळी झाली होती. तरी तास गेला, कारण आमच्या पोस्टफिक्समध्ये मेल जितका जुना, तितकी पुढची खेप लांबते. पहिली खेप पाच मिनिटांनी. मग साधारण ११:५०, १२:००, १२:२०, १:००. त्यानंतर अंतर ४००० सेकंदांवर, म्हणजे सुमारे ६७ मिनिटांवर थांबतं. म्हणून पुढची खेप २:०७ ला झाली, तेव्हा डिस्क भरलेलीच होती. त्यानंतरची थेट ३:१३ ला. समोरचं दार उघडलंय हे आमच्या सर्व्हरला कळण्याचा मार्गच नसतो.

आलेल्या मेलचे हेडर उघडले की हे दिसतं. ‘Received’ च्या ओळी खालून वर वाचायच्या. आमच्या सर्व्हरची वेळ ११:४०, त्यांच्या सर्व्हरची ३:१३. थांबा कुठे झाला ते या दोन ओळींमधल्या फरकावरून कळतं. मेलवरची ‘Date’ मात्र ११:४० च राहते, म्हणून कधीकधी उशिरा आलेला मेल इनबॉक्समध्ये जुन्यांच्या खाली जाऊन बसतो.

मुदतीचं काम असेल तर मेल पाठवल्यावर फोन करून ‘मिळाला का’ विचारा. नसेल मिळाला, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला रांग बघायला सांगा. अडचण दूर झाल्याची खात्री असेल तर `postqueue -i` आणि पुढे त्या मेलचा रांगेतला क्रमांक दिला की खेपेची वाट बघावी लागत नाही. घाईने तोच मेल पुन्हा पाठवला तर पहिलाही नंतर पोचतो. दरपत्रकात मधे आकडा बदलला असेल तर कुठलं खरं, हा वाद उभा राहतो.

पोस्टफिक्स मूळ मांडणीत उशिराची सूचना देत नाही, पाच दिवस प्रयत्न करून मगच मेल परत करतो. आम्ही `main.cf` मध्ये ही ओळ घातली:

```
delay_warning_time = 1h
```

आता तासभर अडकलेल्या मेलची सूचना पाठवणाऱ्याला येते. तीत पुन्हा पाठवायची गरज नाही असं लिहिलेलं असतं, ते पाळावं. पण मुदत जवळ असेल तर त्याच क्षणी फोन उचलावा.